पेडणे आणि डिचोली : आकड्यांचा ताळा

पेडणे तालुक्यात माणसे किती राहतात, हा प्रश्न दिसावयास अगदी सोपा आहे. नववीत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला आहे असे आपण धरून चालू. 'पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांची लोकसंख्या दहा वर्षांत किती वाढली, आणि सबंध गोव्याच्या मानाने ती वाढ कमी की अधिक?' एवढाच तिचा विषय. मुलगी संगणकावर तालुक्याचे नाव लिहिते आणि क्षणभरात तिच्यापुढे अनेक आकडे येऊन उभे राहतात. एक पान चालू वर्षाची लोकसंख्या शेवटच्या अंकापर्यंत सांगते, दुसरे पान निराळीच संख्या देते, आणि तिसऱ्यावर तर तालुका व शहर यांची गल्लत झालेली असते. हे आकडे कोणी मोजले, कोणत्या दिवशी मोजले आणि कोणत्या हद्दीत मोजले, याचा मात्र कोठेच पत्ता नसतो. मुलगी बिचारी त्यांतला जो आकडा सर्वांत ठसठशीत दिसतो तो उतरवून घेते.

या एकाच प्रकल्पाचे बोट धरून आज आपण मूळ आकड्यापर्यंत चालत जाऊ, आणि तेथे पोचल्यावर त्याचा ताळा कसा पाहावा तेही पाहू.

पहिली गोष्ट ही की, माणसे प्रत्यक्ष दारोदार जाऊन मोजण्याचे काम आपल्या देशात एकच यंत्रणा करते, आणि ते काम म्हणजे जनगणना. जुनी मंडळी तिला खानेसुमारी म्हणत. शेवटची जनगणना २०११ साली झाली. २०२१ ची ठरलेली गणना कोविडच्या साथीमुळे पुढे गेली. पुढील गणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरलेली आहे. तेव्हा त्या गणनेचे आकडे छापून हाती येईपर्यंत पेडण्याचा किंवा डिचोलीचा मोजलेला असा शेवटचा आकडा २०११ चाच. यानंतरच्या वर्षाची तालुक्याची लोकसंख्या म्हणून जे काही दाखविले जाते, ते जुन्या संख्येला कोणीतरी कशाने तरी गुणून काढलेले असते. असा अंदाज करू नये असे नाही. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटानेही २०११ ते २०३६ या काळासाठी अंदाज बांधले आणि ते २०२० साली प्रसिद्ध झाले. पण ते राज्यांचे आहेत, तालुक्यांचे नाहीत. गोव्याचा अंदाज त्यांत मिळेल, पेडण्याचा मिळणार नाही.

आता मूळ स्थळी जाऊ. जनगणना आयुक्तांचे संकेतस्थळ `censusindia.gov.in` हे आहे. तेथे शोधाच्या चौकटीत `Primary Census Abstract` आणि `Goa` असे शब्द घातले व २०११ हे वर्ष निवडले, म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा हाती लागतो. हा गोषवारा तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतो. ज्यांना छापील पुस्तकासारखे पाहावयाचे असेल त्यांनी `District Census Handbook North Goa` असा शोध घ्यावा. या जिल्हा पुस्तिकेचे दोन भाग आहेत. `Part XII-A` या भागात गावांतील शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी यांची नोंद आहे, तर `Part XII-B` या भागात गावोगावच्या माणसांची संख्या आहे. आपल्या मुलीला दुसरा भाग हवा.

शोध घेताना एक अडचण प्रथमच येते. हे सारे कागद गावांची नावे सरकारी रोमन लेखनात देतात. आपण पेडणे म्हणतो तेथे `Pernem` आहे, डिचोलीच्या जागी `Bicholim`, साखळीच्या जागी `Sanquelim`, मांद्र्याच्या जागी `Mandrem`, मोरजीच्या जागी `Morjim`, हरमलच्या जागी `Arambol`. ही लेखनपद्धती पोर्तुगीज अमदानीतून उतरलेली आहे, म्हणून उच्चारावरून शोधणाऱ्याला आपलेच गाव सापडत नाही. याहून घोटाळ्याची गोष्ट म्हणजे एकाच नावाची गावे. तेरेखोलच्या तोंडाशी असलेले केरी पेडणे तालुक्यात आहे, अंजुणे धरणाजवळचे केरी सत्तरीत आहे, आणि फोंडा तालुक्यातही एक केरी आहे. यासाठीच जनगणनेने प्रत्येक गावाला संकेतांक दिला आहे. २०११ च्या तक्त्यात गोव्याचा अंक ३०, उत्तर गोव्याचा ५८५ आणि दक्षिण गोव्याचा ५८६. त्यापुढे तालुक्याचा अंक व त्यापुढे गावाचा. नावाने शोधावे, पण ओळख अंकाने पटवावी.

तक्ता उघडला की डोळे गांगरतात, कारण रकाने पुष्कळ आणि त्यांची नावे त्रोटक. आपल्याला त्यांतले थोडेच लागतात. `TOT_P` म्हणजे एकूण माणसे, `P_06` म्हणजे सहा वर्षांपर्यंतची मुले, `P_LIT` म्हणजे साक्षर. याशिवाय `TRU` नावाचा एक रकाना आहे, आणि तो न वाचल्याने पुष्कळांची फसगत होते. तक्त्यात पेडणे तालुक्याच्या तीन ओळी असतात : पहिली एकूण, दुसरी ग्रामीण, तिसरी नागरी. त्या तिन्ही बेरजेत धरल्या तर माणसे दुप्पट होतात. पेडण्याची एकूण संख्या ७५,७४७ आहे. तिन्ही ओळी मिळविणाऱ्याच्या वहीत ती १,५१,४९४ होईल. म्हणून `TRU` मध्ये `Total` असे लिहिलेली ओळच घ्यावयाची.

आता मुलीने आपल्या वहीत उत्तर गोव्याचे सहा तालुके उतरवून घेतले. पेडणे ७५,७४७. बार्देश २,३७,४४०. तिसवाडी १,७७,२१९. सत्तरी ६३,८१७. फोंडा १,६५,८३०. आणि डिचोली ९७,५५५. दोनच तालुक्यांचा प्रकल्प असता सहा कशाला उतरवावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आता दिसेल. या सहांची बेरीज ८,१७,६०८ येते, आणि जिल्ह्याच्या ओळीत तर ८,१८,००८ असे छापलेले आहे. फरक बरोबर ४०० चा पडतो. माणसे मोजताना झालेली चूक अशी गोल संख्येची क्वचितच असते. उतरवून घेण्यातली चूक मात्र नेमकी अशीच असते, कारण तेथे शतकाच्या घरातला एक अंक बदललेला असतो. मुलगी पुन्हा एकेक ओळ पडताळते आणि डिचोलीच्या ओळीवर थांबते. मूळ आकडा ९७,९५५ आहे. नवाच्या जागी पाच लिहिला गेला होता. तो दुरुस्त केला की ताळा जमतो.

ही चूक किरकोळ समजू नये. ९७,५५५ हा आकडा दिसावयास पूर्ण विश्वासार्ह आहे, आणि त्यावरून काढलेली दहा वर्षांची वाढ शेकडा ७.५२ भरते. खरी वाढ शेकडा ७.९६ आहे. दोन्ही टक्के सारखेच खरे वाटतात. कोणतेही शिक्षक नुसते वाचून ही चूक पकडू शकणार नाहीत, ती केवळ बेरजेने पकडली जाते. सरकारी तक्त्याचा मोठा गुण हाच की त्यात भाग आणि भागांची बेरीज ही दोन्ही शेजारी शेजारी असतात. गावे मिळून तालुका, तालुके मिळून जिल्हा, जिल्हे मिळून राज्य. ज्या पानावर तालुक्याचा आकडा एकटाच, बेरजेवाचून उभा असतो, तेथे ताळा पाहण्याची सोयच नसते.

तथापि बेरीज न जमण्याचे दुसरेही एक कारण असू शकते, आणि त्यात कोणाचीच चूक नसते. ते कारण हद्दीचे. २०१५ च्या जानेवारीत फोंडा तालुका उत्तर गोव्यातून काढून दक्षिण गोव्याला जोडण्यात आला. त्यानंतरचा नकाशा समोर ठेवून एखाद्याने उत्तर गोव्याचे पाचच तालुके मिळविले तर त्याला ६,५२,१७८ एवढेच मिळतील आणि जनगणनेच्या जिल्हा ओळीशी त्याचा मेळ बसणार नाही. तसेच २०११ च्या तक्त्यात गोव्याचे अकराच तालुके आहेत. धारबांदोडा तालुका त्यात शोधून सापडत नाही, कारण त्याची माणसे तेथे जुन्या तालुक्यांत मोजलेली आहेत. आणखी मागे जावे तर १९७१ आणि १९८१ ची कित्येक कोष्टके गोवा, दमण व दीव या सबंध केंद्रशासित प्रदेशाची आहेत. १९७१ साली एकट्या गोव्याची संख्या ७,९५,१२० होती, आणि दमण-दीव धरून ८,५७,७७१. हे दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही खरे. एक घेऊन त्याची तुलना आजच्या गोवा राज्याशी केली तर मात्र ती खोटी ठरते. म्हणून आकडा उतरविताना त्याच्या बाजूला हद्दही लिहावी. आपल्या सुदैवाने २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी उत्तर गोव्यात तेच सहा तालुके होते. त्यामुळे २००१ च्या आकड्यांचाही ताळा त्याच रीतीने पाहता येतो, आणि तेव्हाच्या सहा तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या ७,५८,५७३ या संख्येशी तंतोतंत जुळते.

आता प्रकल्पाचे उत्तर काढू. २००१ साली पेडण्यात ७१,९९९ माणसे होती. २०११ साली ७५,७४७ झाली. वाढ ३,७४८ ची. ही वाढ जुन्या संख्येने, म्हणजे ७१,९९९ ने भागून शंभराने गुणावयाची. उत्तर येते शेकडा ५.२१. पुष्कळ मुले येथे नव्या संख्येने भागतात, तसे करू नये, कारण वाढ ही सदैव जुन्या संख्येवर झालेली असते. डिचोलीत २००१ साली ९०,७३४ माणसे होती, ती ९७,९५५ झाली. वाढ ७,२२१ ची, म्हणजे शेकडा ७.९६. सबंध गोव्याची संख्या १३,४७,६६८ वरून १४,५८,५४५ वर गेली, म्हणजे शेकडा ८.२३ ने वाढली. डिचोली गोव्याच्या सरासरीच्या जवळपास, किंचित मागे राहिली. पेडणे बरेच मागे राहिले. प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते कोणालाही पुन्हा करून पाहता येईल असे आहे.

येथे एक सूचना करावीशी वाटते. गोव्याची २०११ ची लोकसंख्या शोधताना १४,५७,७२३ असाही एक आकडा हटकून भेटतो, आणि तोही जनगणना कार्यालयाचाच असतो. गणना संपल्यावर थोड्याच आठवड्यांत हंगामी आकडे जाहीर होतात, आणि सारे अर्ज तपासून झाल्यावर, पुढे दोन-एक वर्षांनी, अंतिम आकडे येतात. १४,५७,७२३ हा हंगामी आकडा, १४,५८,५४५ हा अंतिम. फरक ८२२ माणसांचाच आहे, पण जेथे अंतिम आकडा उपलब्ध आहे तेथे हंगामी वापरू नये, आणि तालुका एका यादीतून व राज्य दुसऱ्या यादीतून असे तर कधीच करू नये.

लोकसंख्येवरून मुलीचे लक्ष साहजिकच दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. २००१ साली गोव्याच्या ग्रामीण भागात ६,७७,०९१ माणसे होती आणि २०११ साली ५,५१,७३१ उरली. सव्वा लाखाने घट झाली! 'गोव्यातील खेडी ओस पडत आहेत' असे वाक्य लिहिण्याचा मोह येथे कोणालाही होईल. तो आवरला पाहिजे. जनगणनेत शहरे दोन प्रकारची असतात. जेथे नगरपालिका आहे ती एक, उदाहरणार्थ पेडणे, डिचोली, साखळी. दुसरा प्रकार असा की, एखाद्या गावची वस्ती निदान ५,००० असली, तेथील मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान शेकडा ७५ शेतीबाहेरच्या उद्योगात असले, आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे राहत असली, तर त्या गावाला जनगणना शहर मानावयाचे. त्या गावी ग्रामपंचायतच राहते, घरे, वाडे, देऊळ सारे जागच्या जागीच असते, फक्त तक्त्यात ते गाव ग्रामीण ओळीतून नागरी ओळीत जाते. २००१ साली गोव्यात दोन्ही प्रकारची मिळून ४४ शहरे होती. २०११ साली ती ७० झाली, आणि त्यांत नगरपालिकांची शहरे १४ च होती. याचा अर्थ असा की, ती सव्वा लाख माणसे गाव सोडून गेली असे मुळीच नाही. त्यांतल्या फार मोठ्या भागाने उंबरठासुद्धा ओलांडला नाही. गावाचा रकाना बदलला.

याच कारणाने मांद्र्याचा विद्यार्थी आपल्या गावाचे नाव खेड्यांच्या यादीत शोधत बसला तर त्याला ते मिळावयाचे नाही. ते शहरांच्या यादीत `CT` या दोन अक्षरांसह असते. आणि २००१ च्या ग्रामीण पेडण्याची २०११ च्या ग्रामीण पेडण्याशी तुलना करावयाची असेल, तर मधल्या काळात कोणती गावे यादी बदलून गेली ते आधी पाहावे लागते. ते शक्य नसेल तर तालुक्याचा एकूण आकडाच वापरावा. तोच तुलनेस सुरक्षित.

साक्षरतेच्या बाबतीतही असाच एक अडथळा आहे. गोव्यात २०११ साली ११,६५,४८७ साक्षर होते. या संख्येला एकूण लोकसंख्येने भागले तर शेकडा ७९.९१ असे उत्तर येते. पण सरकारी पुस्तकात ८८.७० छापलेले असते. मुलगी गोंधळते आणि कोणाची तरी चूक झाली असे समजते. चूक कोणाचीच नाही. जनगणना सहा वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुलाला साक्षर धरत नाही, म्हणून साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्याहून मोठ्या माणसांवर काढतात. १४,५८,५४५ मधून सहा वर्षांपर्यंतची १,४४,६११ मुले वजा केली की १३,१३,९३४ उरतात, आणि त्यांच्याशी साक्षरांचे प्रमाण शेकडा ८८.७० पडते. पेडणे आणि डिचोली यांचे साक्षरतेचे प्रमाण काढावयाचे तर गोषवाऱ्यातले ते तीन रकाने घेऊन हीच रीत लावावी. छापील टक्केवारी आपल्या हाताने पुन्हा काढून पाहण्याचा फायदा असा की, तिच्या तळाशी कोणती माणसे धरली आहेत ते कळते.

आता या प्रकल्पातल्या सर्वांत नाजूक जागेकडे वळू. आकडे जमले, टक्के निघाले, आणि शेवटी मुलीला कारण लिहावयाचे आहे. डिचोलीचा विषय निघाला की खाणी आठवतात आणि पेडण्याचा निघाला की मोप्याचा विमानतळ. ज्या घरातला मनुष्य खाणीवर किंवा खनिजाच्या ट्रकवर होता, त्या घरी खाणी थांबल्यावर काय झाले हे डिचोलीत कोणाला सांगावयास नको. म्हणून 'खाणी बंद पडल्यामुळे डिचोलीची लोकसंख्या मंद गतीने वाढली' असे वाक्य अगदी सहज उतरते. परंतु तारखा पाहा. राज्य सरकारने खाणकाम थांबविले सप्टेंबर २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा बंदीहुकूम आला त्यानंतरच्या महिन्यात. दुसऱ्यांदा खाणी थांबल्या त्या मार्च २०१८ मध्ये. मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व विमाने ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली. आणि आपला आकडा आहे १ मार्च २०११ या दिवसाचा. त्या दिवशी डिचोलीत खाणी चालू होत्या, मोप्याचे पठार मोकळे होते. तेव्हा या दोन्ही घटनांविषयी २०११ ची जनगणना एक शब्दही बोलू शकत नाही. डिचोलीतून किती कुटुंबे गेली, पेडण्यात किती नवी आली, हे २०२७ ची गणना प्रथम सांगेल, आणि तीही संख्या सांगेल. ती कुटुंबे का गेली ते दारी जाऊन विचारावेच लागेल.

मग मधल्या काळाचे काहीच मिळत नाही काय? थोडेफार मिळते. गोवा सरकारच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाचे संकेतस्थळ `goadpse.gov.in` हे असून `Statistical Handbook of Goa` या नावाची त्यांची पुस्तिका तेथे पाहावयास मिळते. पण ती वाचताना एक पथ्य पाळावे. मुखपृष्ठावरचे वर्ष हे पुस्तिकेचे वर्ष असते, आतील प्रत्येक आकड्याचे नव्हे. अगदी अलीकडच्या पुस्तिकेतही तालुक्यांची लोकसंख्या म्हणून २०११ चेच आकडे येतात, कारण दुसरे आकडे अस्तित्वातच नाहीत. कोष्टकाच्या डोक्यावरचे वर्ष आणि तळाशी बारीक टायपात छापलेला आधार, ही दोन वाचल्यावाचून आकडा उचलू नये. केंद्र सरकारच्या `data.gov.in` या खुल्या माहितीच्या स्थळालाही हेच पथ्य लागू आहे. तेथे निरनिराळ्या खात्यांचे तक्ते एकत्र मिळतात आणि संगणकावर थेट उघडता येतात ही मोठी सोय. परंतु तक्ता तेथे ज्या दिवशी ठेवला ती तारीख निराळी आणि माहिती गोळा झाली ती तारीख निराळी.

शाळांच्या पटाची माहिती दरवर्षी जमविली जाते व ती `udiseplus.gov.in` या स्थळावर असते. खाणपट्ट्यातील शाळांचा पट कसा बदलत गेला, असा प्रश्न घेऊन एखादा विद्यार्थी तेथे गेला तर त्याला विचार करण्याजोगे काही मिळू शकेल. मात्र पट कमी होणे म्हणजे गाव रिकामे होणे नव्हे. मुले शेजारच्या शाळेत गेली असतील, किंवा मुळात जन्मच कमी झाले असतील. अशा आकड्याला पुरावा न म्हणता खूण म्हणावे, आणि प्रकल्पात तसे स्पष्ट लिहावे.

शेवटी, आकडा लिहावा कसा? नुसते 'इंटरनेटवरून' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. आपल्या मुलीने तक्त्याखाली एवढी एकच ओळ लिहावी : 'भारताची जनगणना २०११, प्राथमिक जनगणना गोषवारा, गोवा, जिल्हा अंक ५८५, पेडणे तालुका, एकूण, अंतिम आकडे', आणि पुढे आपण तो तक्ता कोणत्या दिवशी उतरवून घेतला ती तारीख. ही ओळ वाचून दुसरा विद्यार्थी त्याच तक्त्याच्या त्याच ओळीवर जाऊन पोचतो आणि त्याला ७५,७४७ हाच आकडा सापडतो. सापडला नाही तर चूक कोठे झाली हेही त्याच ओळीवरून शोधता येते.

पेडण्याच्या त्या मुलीच्या प्रकल्पात अखेर तीनच टक्केवाऱ्या असतील : ५.२१, ७.९६ आणि ८.२३. त्यांच्याखाली एक आधाराची ओळ असेल, आणि आणखी एक वाक्य असेल की हे आकडे १ मार्च २०११ चे आहेत, त्यानंतर खाणी थांबल्या व विमानतळ झाला, त्याचा परिणाम यात आलेला नाही. २०२७ च्या गणनेचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा ती शाळेत नसेल. पण वही जपून ठेवली असेल तर तिला चौथा रकाना आखता येईल, आणि सहा तालुक्यांची बेरीज पुन्हा एकदा करून पाहता येईल. फोंड्याची जागा बदलली आहे, एवढे मात्र तेव्हा तिने लक्षात ठेवले पाहिजे.